दीडशे पानांचा इंग्रजी मार्केट रिपोर्ट आणि घरच्यांसाठी मराठीत एक पान

डाळ मिल असो, संत्र्याचं पॅकिंग असो की हळद-मिरचीची चक्की, विदर्भातल्या घरच्या धंद्यात अलीकडे एक नवा कागद येऊ लागला आहे. कधी तो बँकेच्या कर्जाच्या फाइलसोबत येतो, कधी मशीन विकणाऱ्या एजंटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान मिळतं, म्हणून त्या प्रस्तावाच्या निमित्तानेही येतो. कागद म्हणजे इंग्रजी मार्केट रिसर्च रिपोर्ट, शंभर-दीडशे पानांचा, रंगीत चार्टांनी भरलेला. घरात तो वाचू शकणारा एखादाच असतो: बीकॉम झालेला मुलगा किंवा हिशोब सांभाळणारी सून. पैसा घालायचा की नाही हे मात्र मोठेबाबा ठरवणार. ते म्हणतात, "काय लिहिलंय ते मराठीत सांग, थोडक्यात."

हे "थोडक्यात" दिसतं तेवढं सोपं नाही. बहुतेक जण पहिल्या पानापासून भाषांतराला लागतात, दहाव्या पानावर थकतात आणि शेवटी चार मोठे आकडे आणि "बाजारात प्रचंड संधी" असं लिहून देतात. त्या कागदावरून कुणाला काही ठरवता येत नाही. हे काम कसं करायचं ते एका डाळ मिलचं उदाहरण घेऊन पाहू. खालचे रिपोर्टचे, दरांचे आणि खर्चाचे आकडे समजावण्यासाठी मानलेले आहेत, ते कुठल्या खऱ्या रिपोर्टातले नाहीत. रिपोर्टात सापळे कुठे असतात ते मात्र खरं आहे.

## आधी आपला प्रश्न, मग रिपोर्ट

असा रिपोर्ट एका गिऱ्हाइकासाठी लिहिलेला नसतो. तोच रिपोर्ट मोठी कंपनी विकत घेते, गुंतवणूकदार घेतो, बँकही घेते. म्हणून त्यात देशाच्या लोकसंख्येपासून बड्या ब्रँडच्या जाहिरात खर्चापर्यंत सगळं असतं. आपल्याला त्यातला फार तर दहावा भाग लागतो. तो कोणता, हे रिपोर्ट सांगत नाही. ते आपल्या प्रश्नावरून ठरतं.

समजा अकोला जिल्ह्यातल्या एका गावात तुरीची डाळ मिल आहे. रोज २० क्विंटल तूर भरडली जाते, त्यातून साधारण १४ क्विंटल डाळ निघते. वर्षात दीडशे दिवस मिल चालते. म्हणजे २,१०० क्विंटल डाळ झाली, आणि १२० रुपये किलोने धरली तर अडीच कोटींची उलाढाल. सगळा माल ३० किलोच्या कट्ट्यात नागपूरच्या ठोक व्यापाऱ्याला जातो. आता पोरांचं म्हणणं असं की एक किलोच्या पाकिटात स्वतःच्या नावाने माल विकू. पॅकिंग मशीनचं कोटेशन सहा लाखांचं आलं आहे.

अशा वेळी कोऱ्या पानावर पहिली ओळ ही लिहायची: "जानेवारीत नवी तूर येण्याआधी पॅकिंग मशीन घ्यायचं की नाही?" "पॅकबंद डाळीचा बाजार कसा आहे?" हा प्रश्न चालणार नाही, कारण त्याचं उत्तर दीडशे पानंच होतं. प्रश्नात वस्तू, रक्कम किंवा कृती, आणि मुदत आली पाहिजे. ज्या पानाने या ओळीचं उत्तर बदलणार नाही ते पान वाचायचं, पण सारांशात घ्यायचं नाही.

एवढं केलं की एक मोठा आकडा आपोआप गळतो. रिपोर्ट सांगतो की बाजार १.८ बिलियन डॉलरचा आहे. एक मिलियन म्हणजे १० लाख, एक बिलियन म्हणजे १०० कोटी. रिपोर्टात डॉलर ८५ रुपयांचा धरला असेल तर हे झाले १५,३०० कोटी रुपये. घरची मिल अडीच कोटींची. बाजार पंधरा हजार कोटींचा असो की पाच हजार कोटींचा, आपल्या मालाला तो कमी पडणार नाही. मग या आकड्याने मोठेबाबांचं काय ठरतं? काहीच नाही. तो सारांशात पहिल्या ओळीत तर नकोच, खरं तर कुठेच नको.

## वाचायला शेवटून लागा

रिपोर्टाची शेवटची पंधरा-वीस पानं सहसा कुणी उघडत नाही, आणि नेमकी तीच आधी वाचायची. तिथे माहिती कशी गोळा केली, कोणत्या शहरांत, किती लोकांना विचारून, कोणत्या महिन्यात, हे लिहिलेलं असतं. पीडीएफच्या शोधात `Methodology` टाकलं की ते पान सापडतं. त्याच्या आसपास शब्दांच्या व्याख्या असतात. "पॅकबंद डाळ" यात बेसन धरलं आहे का? पाच किलोची थैली धरली आहे का? ऑनलाइन विक्री धरली आहे का? बेसन धरलं असेल तर सगळेच आकडे फुगलेले असणार, आणि आपण बेसन विकत नाही.

त्यानंतर तक्ते, आणि तक्त्याच्या खालची बारीक अक्षरं. रिपोर्टाचा मजकूर उत्साही असतो, तळटीप सहसा सरळ बोलते. वर्षापुढे `E` असेल तर तो अंदाज, `F` असेल तर पुढचं भाकीत. `FY30` म्हणजे मार्च २०३० ला संपणारं आर्थिक वर्ष. दराच्या तक्त्यावर `MSP` दिसलं की आपल्याकडे हमीभावच आठवतो, पण अशा रिपोर्टात ते बहुधा उत्पादकाचा विक्रीदर असतो आणि `RSP` म्हणजे दुकानातला दर. हा घोळ झाला तर पुढचा सगळा हिशोब चुकतो.

बाजार समितीतून कुणी नुसतं "तूर आज एवढ्याला गेली" असं सांगितलं तर आपण लगेच विचारतो: कोणत्या समितीत, कोणत्या दिवशी, ओलावा किती, माल कसा होता? रिपोर्टातल्या प्रत्येक आकड्याला हेच विचारायचं. कुणाचा, कुठला, कधीचा आणि कशातला किती. या चारांपैकी एकाचंही उत्तर सापडलं नाही तर तो आकडा सारांशात जात नाही.

## ६२ टक्के म्हणजे नेमके किती?

रिपोर्टाच्या ४३व्या पानावर ठळक चौकट आहे: ६२ टक्के ग्राहक पॅकबंद डाळीला जास्त पैसे द्यायला तयार आहेत. घाईत सारांश लिहिणारा हे वाक्य हमखास उचलतो. कारण ते सोपं आहे, आणि पोरांच्या मनासारखंही आहे.

आता तळटीप वाचा. तिथे `Base: n=412` असं आहे आणि पुढे लिहिलं आहे की हे फक्त पॅकबंद डाळ आधीपासून घेणारे लोक. पाहणीत एकूण १,२०० जणांना विचारलं होतं. त्यातले पॅकबंद घेणारे ४१२. त्यांच्यातले ६२ टक्के म्हणजे २५५ जण. म्हणजे विचारलेल्या बाराशेंपैकी २५५, शंभरात २१. उरलेल्या ७८८ जणांना हा प्रश्न विचारलेलाच नाही.

तेवढ्यावर थांबायचं नाही. शहरांची यादी काढली तर आठ महानगरं आहेत, त्यात नागपूरही नाही, मग अकोला-अमरावती कुठून असणार? शिवाय "तयार आहेत" हे लोकांनी तोंडी सांगितलेलं आहे, काउंटरवर मोजलेले पैसे नव्हेत. सारांशात हे असं यायला हवं: "मोठ्या शहरांतल्या पाहणीत शंभरांपैकी २१ जण पाकिटाला जास्त पैसे देऊ म्हणाले. पॅकबंद न घेणाऱ्यांना हे विचारलेलंच नाही. विदर्भातल्या कुणालाही विचारलेलं नाही. पान ४३."

वाक्य थोडं लांबलं, पण आता ते वाचून कुणी फसणार नाही. पान क्रमांक प्रत्येक आकड्यासोबत लिहायचाच. उद्या बँकेच्या साहेबांनी विचारलं की हे कुठून आणलं, तर शोधाशोध होत नाही.

## वाढीचा टक्का आणि भाववाढ

दुसरा सापळा सीएजीआरचा. सीएजीआर म्हणजे दरवर्षी सरासरी किती टक्के वाढ झाली ते, चक्रवाढ व्याजासारखं मोजलेलं. हा शब्द सारांशात एकदाही आला नाही तरी चालतो. "दरवर्षी साधारण १४ टक्के वाढ" एवढं पुरे.

पण वाढ कशाची? अशा रिपोर्टात ती बहुतेकदा रुपयांतली किंवा डॉलरमधली असते, क्विंटलमधली नसते. रुपयांत मोजलेल्या १४ टक्क्यांत ५ टक्के नुसती भाववाढ असेल तर माल साधारण साडेआठ टक्क्यांनीच जास्त खपला. डाळीत हा फरक मोठा असतो, कारण तुरीचा भाव पावसावर, आणि मोझांबिक-म्यानमारहून येणाऱ्या मालावर वरखाली होतो. म्हणून तक्त्यात टनांचा रकाना आहे का ते पाहायचं. असेल तर तोच घ्यायचा. नसेल तर सारांशात स्पष्ट लिहायचं की ही वाढ पैशातली आहे, भाववाढ धरून.

आणि भाकिताबद्दल एक गोष्ट. पाच वर्षांनंतरचा आकडा दशांश चिन्हानंतर दोन अंकांपर्यंत दिला म्हणून तो जास्त खरा होत नाही. पुढच्या हंगामाचा निर्णय घ्यायचा असेल तर २०३०चं भाकीत वगळलं तरी काही बिघडत नाही.

## फरकाचे २२ रुपये कुणाच्या खिशात?

आपल्या प्रश्नाला खरं भिडणारं पान ८८वं निघतं. दुकानात सुटी डाळ १३८ रुपये किलो, पॅकबंद १६० रुपये. फरक २२ रुपये. एजंट हाच आकडा दाखवतो आणि म्हणतो, किलोमागे बावीस रुपये सुटतात.

इथे घरचा हिशोब जोडावा लागतो, आणि तो रिपोर्टापासून वेगळा दिसला पाहिजे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, लेबल लावलेल्या पाकीटबंद डाळीवर ५ टक्के जीएसटी आहे. ३० किलोच्या कट्ट्यावर तो लागत नाही. त्यामुळे आजवर या घराला त्याची झळ बसली नव्हती. १६० रुपयांत कर साधारण ७ रुपये ६० पैसे. उरले १४ रुपये ४० पैसे. पाऊच आणि भरणावळ मिळून ४ रुपये, डिस्ट्रिब्युटरचे ५ टक्के म्हणजे साडेसात रुपये. हातात राहतात तीनच्या आत-बाहेर. दुकानदाराने पाकिटावर सुट्या डाळीपेक्षा जास्त मार्जिन मागितलं तर तेही नाहीत.

पहिल्या वर्षी एक तृतीयांश माल पाकिटात गेला असं धरलं तर ७०,००० किलो, म्हणजे दोन लाख दहा हजार रुपये. त्यातून सहा लाखांच्या मशीनचं व्याज, दुकानांतली उधारी आणि किडा लागून परत आलेली पाकिटं वजा व्हायची आहेत. नागपूरचा ठोक व्यापारी कट्टे उचलतो आणि पैसे देतो. किराणा दुकान पाकिटं ठेवून घेतं आणि विकली की देतं. रिपोर्टात यावर एक ओळही नसते. मोठेबाबांना मात्र याचीच चिंता असते.

## मग ते एक पान कसं दिसतं

ए-फोर कागदाची एक बाजू, अक्षर मोठं, कारण वाचणाऱ्याला चष्मा असतो. उत्तर वर, कारणं खाली. वरच्या उदाहरणाचं पान असं होईल:

प्रश्न: जानेवारीत नवी तूर येण्याआधी सहा लाखांचं पॅकिंग मशीन घ्यायचं का?

उत्तर: या हंगामात नको. आधी २० क्विंटल डाळ हाताने सील करून एक किलोच्या पाकिटात विकून पाहावी. दुकानदाराचे पैसे किती दिवसांत येतात आणि किती माल परत येतो ते पाहून पुढच्या वर्षी ठरवावं.

रिपोर्ट काय सांगतो: पॅकबंद डाळीची विक्री दरवर्षी साधारण १४ टक्के वाढते आहे. ही वाढ रुपयांत आहे, भाववाढ धरून (पान २१). मोठ्या शहरांतल्या पाहणीत शंभरांपैकी २१ जण पाकिटाला जास्त पैसे देऊ म्हणाले, पॅकबंद न घेणाऱ्यांना हे विचारलेलंच नाही (पान ४३). दुकानात सुट्या आणि पॅकबंद डाळीत किलोमागे २२ रुपयांचा फरक आहे (पान ८८).

आपला हिशोब: जीएसटी, पाऊच, भरणावळ आणि डिस्ट्रिब्युटर गेल्यावर किलोमागे ३ रुपये उरतात. ७०,००० किलोवर वर्षाला २.१ लाख. व्याज आणि परत आलेला माल यात धरलेला नाही.

रिपोर्टात नाही: विदर्भाचे आकडे. पश्चिम विभागात मुंबई, पुणे, गुजरात सगळं एकत्र आहे. दुकानांतली उधारी. आपल्या भागात कोणते ब्रँड खपतात.

पुढे कुणी काय करायचं: वहिनी अन्न परवान्यावर पाकिटाचं काम बसतं का ते पाहतील, आणि पाकिटावर परवाना क्रमांक, वजन, एमआरपी, पॅकिंगचा महिना, पत्ता बरोबर येतो का तेही. दादा अकोला आणि मूर्तिजापूरच्या दहा किराणा दुकानांत पाकिटं किती खपतात आणि मार्जिन किती मागतात ते विचारतील. दोघांचं उत्तर दिवाळीच्या आधी.

पानाच्या तळाशी रिपोर्टाचं नाव, तो कोणत्या महिन्याचा आहे, आणि सारांश लिहिल्याची तारीख. शब्द घरात बोलतो तेच ठेवायचे. मार्जिन, उधारी, डिस्ट्रिब्युटर, ब्रँड हे सगळ्यांना कळतं. त्यांच्याऐवजी "नफाप्रमाण" किंवा "वितरक" लिहिलं की मोठेबाबा दर ओळीला थांबून विचारणार.

## "रिपोर्टात सारांश असतोच, तोच मराठीत केला तर?"

रिपोर्टाच्या सुरुवातीची दोन-तीन पानं म्हणजे एक्झिक्युटिव्ह समरी. ती अवश्य वाचावी, पण ती दुकानाच्या काचेतल्या मालासारखी मांडलेली असते. रिपोर्ट विकला जावा म्हणून त्यात सगळ्यांत मोठे आकडे असतात, आणि ते सगळ्या प्रकारच्या वाचकांसाठी असतात. वरच्या पानावरचा २२ रुपयांचा फरक तिथे बहुधा सापडणार नाही. शंभरात २१ हा आकडा तर नक्कीच नाही, तो आपण काढला.

उलट एक काम करता येतं. आपलं पान लिहून झालं की ते समरीशी ताडून पाहायचं. समरीत एखादी मोठी अडचण सांगितली आहे आणि आपल्याकडे ती नाही, असं झालं तर परत त्या पानावर जायचं.

## "सल्ला देणारे आपण कोण? फक्त माहिती द्यावी"

हा आक्षेप सुनेच्या किंवा धाकट्या मुलाच्या मनात हमखास येतो. घरातल्या मोठ्यांसमोर "मशीन नको" असं लिहायचं कसं? पण फक्त माहिती दिली तर वाचणारा त्यातला आपल्या मनासारखा आकडा उचलतो. पोरं १४ टक्के उचलतील, काका "विदर्भाचं काहीच नाही" हे उचलतील, आणि चर्चा तिथेच फिरत राहील.

मार्ग असा की उत्तर लिहायचं, पण ते कशावर उभं आहे ते शेजारीच दाखवायचं. वरच्या पानावर ते तीन रुपयांवर उभं आहे. ते तीनचे सहा कसे होतील हे मोठेबाबांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असू शकतं. डिस्ट्रिब्युटर न घेता घरची गाडी दुकानोदुकानी फिरवली तर साडेसात रुपयांतला मोठा भाग वाचतो. त्यांनी असं म्हटलं तर सारांश फसला असं होत नाही. उलट बोलणं नेमक्या जागी आलं.

## "एका पानात काही महत्त्वाचं राहून जाणार नाही का?"

राहणारच. काय राहिलं ते आपल्याला माहीत असलं म्हणजे झालं. म्हणून दुसऱ्या एका कागदावर, फक्त स्वतःसाठी, वगळलेल्या गोष्टींची पान क्रमांकासह यादी ठेवायची: बड्या ब्रँडची माहिती पान ६० ते ७५, ऑनलाइन विक्री पान ९६, असं. कुणी विचारलं तर दोन मिनिटांत उघडून दाखवता येतं. अख्खी पीडीएफ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नये. विकत घेतलेला रिपोर्ट बहुधा एकाच वापरणाऱ्याच्या परवान्यावर असतो.

पान बरोबर झालं का हे तपासायला ते रिपोर्ट न वाचलेल्या माणसाच्या हातात द्यायचं. खरेदी सांभाळणारे काका यासाठी उत्तम. त्यांनी वाचल्यावर आपण तीनच प्रश्न विचारायचे: मशीन घ्यायचं की नाही, कशामुळे, आणि कोणती गोष्ट अजून माहीत नाही? तिसऱ्याचं उत्तर आलं नाही तर "रिपोर्टात नाही" हा भाग नीट लिहिला गेलेला नाही. काका मध्येच म्हणाले की "२२ रुपये तर सुटतातच ना", तर हिशोबाचा भाग रिपोर्टाच्या आकड्यांपासून पुरेसा वेगळा दिसत नाही. मग मध्ये रेघ मारायची, किंवा दुसऱ्या रंगाच्या पेनने लिहायचा.

जानेवारीत नवी तूर बाजारात आली की सुट्या डाळीचा भाव हलतो. त्या दिवशी १३८ हा आकडा खोडून नवा लिहायचा आणि खालचे तीन रुपये पुन्हा मोजायचे.